उठताच डोळ्यांपुढे अंधारी का येते?

आमच्या वस्तीतल्या एका आजी पहाटे अंथरुणातून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. घरच्यांना वाटलं, अशक्तपणा असेल. आम्ही मात्र त्यांचा बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा मोजायला सांगितलं.

आपण उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी काही सेकंद खाली येतो. मानेत, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. धमनीचा ताण कमी झाला की ही टोकं मेंदूला कमी संदेश पाठवतात. त्यावरून दाब घसरल्याचं मेंदूला कळतं. पुढच्या एकदोन ठोक्यांतच हृदय वेगाने धावू लागतं आणि काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळतात. साधारण अर्ध्या मिनिटात दाब जागेवर येतो. तरुणांना क्षणभर अंधारी आली तरी ती म्हणूनच लगेच जाते.

आजींना पाच मिनिटं आडवं ठेवून मोजला तेव्हा बीपी 146/84 आणि नाडी 74 होती. उभं राहून एका मिनिटाने बीपी 118/70 झाला, नाडी फक्त 78. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो दोष मानतात. आजींचा वरचा आकडा 28 ने उतरला होता.

इथे नाडी महत्त्वाची. अंगात पाणी कमी असतं, जुलाब झालेले असतात किंवा रक्त गेलेलं असतं, तेव्हा नाडी खूप वाढते, कारण नसा आपलं काम करत असतात. आजींची नाडी जेमतेम चारने वाढली. म्हणजे संदेश पोचवणाऱ्या नसाच मंदावल्या असाव्यात. त्यांना जुना मधुमेह आहे, आणि मधुमेहाने या नसा खराब होतात. काही बीपीच्या गोळ्यांनीही नाडी वाढत नाही, म्हणून शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच. बीपीच्या आणि लघवीच्या त्रासाच्या काही गोळ्यांनी हा उतार आणखी वाढतो. म्हणून आकडे आणि सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जायचं. गोळी आपणहून बंद करायची नाही.

रात्री लघवीला उठताना आधी अंथरुणातच बसा. दहा-पंधरा वेळा पावलं वरखाली करा, म्हणजे पोटऱ्या रक्त वर ढकलतात. मग भिंत धरून उभे राहा. अंधारी आली तर आहात तिथेच बसा. कुणी पडलंच, तर त्याला उचलून बसवू नका. आडवं ठेवून पाय उंच करा. छातीत दुखत असेल, शौच काळी होत असेल किंवा शुद्ध लवकर येत नसेल, तर तडक दवाखाना गाठा.