एक नंबरवरचा पंखा

रात्री पंखा कमी केला की छतातून बारीक घूंऽऽ सुरू होते आणि बोर्डावर हात ठेवला तर रेग्युलेटरची प्लेट कोमट, कधी चांगलीच गरम लागते. पंखा पूर्ण वेगावर नेला की आवाज थांबतो. पुष्कळ घरांत या तक्रारीवर रेग्युलेटर बदलला जातो, काही घरांत पंखाच बदलला जातो, आणि दोन्ही वेळा दुखणे नेमके कुठे होते ते कळत नाही. खरे तर कमी वेगावरचा आवाज आणि ऊब यांवरून पंख्याची प्रकृती बरीच ओळखता येते. त्यासाठी आधी रेग्युलेटर वेग कमी कसा करतो ते पाहावे लागेल.

जुने रेग्युलेटर म्हणजे भिंतीवरचा भोके पाडलेला मोठा डबा. त्यात तारेची गुंडाळी असे. ती विजेचा काही दाब स्वतःवर घेई आणि तो उष्णतेत घालवी. कमी वेगावर तिथे सहज वीसेक वॅट जळत, म्हणून डबा गरम होणे हा त्याचा धर्मच होता. बोर्डात बसणारा, गोल फिरणाऱ्या नॉबचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असा दाब जाळत नाही. त्यात ट्रायॅक नावाचा एक भाग असतो. तो अतिशय जलद उघडझाप करणाऱ्या स्विचसारखा वागतो.

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे १०० अर्धलहरी. प्रत्येक अर्धलहर १० मिलिसेकंद टिकते. ट्रायॅक प्रत्येक अर्धलहरीच्या सुरुवातीला बंद असतो. नॉबखालचा रोध आणि एक छोटा कंडेन्सर मिळून ठरवतात की किती वेळाने त्याला चालू करायचे. एकदा चालू झाला की त्यातला प्रवाह शून्यावर येईपर्यंत तो चालूच राहतो. नॉब पूर्ण वेगावर असेल तर ट्रायॅक जवळजवळ लगेच चालू होतो आणि पंख्याला अख्खी लहर मिळते. एक नंबरवर मात्र तो निम्मी लहर किंवा त्याहून अधिक वाया जाऊ देतो, आणि मग लहर शिखराच्या आसपास किंवा उतरणीला असताना एकदम दार उघडतो. झोक्याला हलक्या हाताने झोका देण्याऐवजी दर खेपेला हिसका द्यावा, तसे हे आहे. झोका हलतो, पण दोर करकरतात.

पंख्याच्या मोटारीत पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा आणि तांब्याचे वायंडिंग असते. सेकंदाला १०० हिसके बसले की पट्ट्या, गुंडाळ्या आणि कधीकधी वरचा पाइप व कपसुद्धा थरथरतात. आवाज तोच. म्हणून तो बहुतेक वेळा छतातून येतो, बोर्डातून नाही. आवाज शोधताना प्रथम एवढेच पाहावे की तो मोटारीतून येतो की प्लेटमागून. प्लेटमागून बारीक, एकसारखा आवाज येत असेल तर तो सहसा आतल्या फिल्टरच्या गुंडाळीचा असतो आणि निरुपद्रवी असतो. पण चरचर किंवा तडतड ऐकू आली तर तो सैल स्क्रूपाशी उडणाऱ्या ठिणगीचा आवाज. तिथे लगेच मेन बंद करून वायरमनला बोलवावे.

आता उष्णतेचे. ट्रायॅक चालू असताना त्याच्यावर साधारण एक ते सव्वा व्होल्ट पडतो. ७५ वॅटचा साधा पंखा पूर्ण वेगावर एक तृतीयांश अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. म्हणजे ट्रायॅकमध्ये अर्ध्या वॅटहूनही कमी उष्णता निर्माण होते, आणि वेग कमी केला की तीही घटते. मग कमी वेगावर प्लेट जास्त गरम का?

याचे उत्तर पंख्याच्या स्वभावात आहे. पंखा म्हणजे गुंडाळी, आणि गुंडाळीत प्रवाह दाबाच्या मागून चालतो. प्रवाह शून्यावर येऊन ट्रायॅक बंद होतो त्या क्षणी लाइनचा दाब मात्र शून्यावर नसतो, त्यामुळे ट्रायॅकवर तो एकदम उसळतो. त्या धक्क्याने ट्रायॅक नको त्या वेळी पुन्हा चालू होऊ नये, म्हणून त्याला समांतर एक कंडेन्सर आणि एक छोटा रोध बसवतात. या जोडीला स्नबर म्हणतात. पंख्यासारख्या भारासाठी हीच जोडी महत्त्वाची. ट्रायॅक बंद असताना हा कंडेन्सर भरतो आणि ट्रायॅक उघडताच सगळी साठवण त्या रोधातून रिकामी होते. ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लहरीच्या शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर, सेकंदाला शंभरदा रिकामा झाला तर जवळपास अर्धा वॅट उष्णता होते. पूर्ण वेगावर दार लवकर उघडते, कंडेन्सर भरतच नाही, आणि ही उष्णता जवळजवळ नाहीशी होते. बोर्डाच्या बंद खोबणीत अर्ध्या वॅटची उष्णता कोंडली तरी हाताला जाणवते.

यातून एक उपयोगी खूण मिळते. प्लेट कमी वेगावर कोमट आणि पूर्ण वेगावर त्याहून थंड असेल, तर ती स्नबरची नेहमीची ऊब. उलट, वेग वाढवला की प्लेट अधिक तापत असेल तर तो प्रवाहाचा परिणाम आहे. मग सैल जोड, एकाच रेग्युलेटरवर जोडलेले दोन पंखे, किंवा वायंडिंगचे काही वेढे आपसांत चिकटलेला पंखा, यांपैकी काहीतरी शोधावे. घरगुती रेग्युलेटरवर बहुधा १०० वॅटच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. ७५ वॅटचे दोन पंखे ती सरळ ओलांडतात.

आता पंख्याकडे वळू, कारण कमी वेग ही पंख्याची खरी परीक्षा आहे. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. दाब निम्मा झाला की जोर पाव होतो. सुदैवाने हवाही त्याच पद्धतीने वागते. वेग निम्मा झाला की पात्यांना हवा ढकलायला पावच जोर लागतो. म्हणून दाब कमी करून पंख्याचा वेग कमी करणे जमते. हीच युक्ती गिरणीच्या मोटारीवर केली तर ती जळून जाईल. पण बेअरिंगचे घर्षण वेगाप्रमाणे घटत नाही. सुकलेले बेअरिंग पूर्ण वेगावर लक्षातही येत नाही, एक नंबरवर मात्र तेच मोटारीचा निम्म्याहून अधिक जोर खाऊन टाकते. पंख्याचा कंडेन्सर कमजोर झाला असेल तर दुसऱ्या गुंडाळीकडून मिळणारा जोर आणखी घटतो. त्यात १४ ध्रुवांच्या मोटारीचे चुंबकक्षेत्र मिनिटाला सुमारे ४२८ फेऱ्या मारत असते आणि एक नंबरवर पंखा १८० फेऱ्या. मागे पडलेल्या या फरकाइतकी, म्हणजे रोटरकडे जाणाऱ्या शक्तीपैकी निम्म्याहून जास्त शक्ती रोटर तापवण्यात जाते. अशा वेळी अडखळत चालणारा पंखा नुसता मंद नसतो, तो आतून तापत असतो.

एक उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू. १२०० मिलिमीटरचा, सात-आठ वर्षे वापरलेला पंखा, ट्रायॅकचा रेग्युलेटर. तक्रार अशी की एक नंबरवर आवाज येतो, प्लेट गरम होते, आणि थेट एकवर लावला तर पंखा फिरतच नाही. आधी चारवर लावून मग खाली आणावा लागतो.

सर्वांत बोलकी खूण शेवटची आहे. आवाज आणि ऊब रेग्युलेटरच्या पद्धतीमुळे असू शकतात, पण सुरूच न होणे हे पंख्याचे दुखणे. एमसीबी पाडून पाते हाताने हळूच फिरवले. ते सहज फिरत राहिले, खरखर नाही, म्हणजे बेअरिंग ठीक. मग वरचा कप खाली सरकवून कंडेन्सर काढला, उघड्या तारांना हात न लावता तो दोन टोकांमध्ये रोध लावून रिकामा केला, आणि मल्टिमीटरने मोजला. वर २.५ मायक्रोफॅरड छापलेले, मोजणीत १.७ भरले. नवा २.५ चा कंडेन्सर बसवल्यावर पंखा एक नंबरवर स्वतःहून निघाला आणि पूर्ण वेगही वाढला. आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही. प्लेटची ऊब तेवढीच राहिली आणि पूर्ण वेगावर ती उतरत होती. म्हणजे उरलेली गोष्ट कापलेल्या लहरीची होती, पंख्याची नव्हे.

तिथे उपाय एकच उरतो, कंडेन्सरचा स्टेप रेग्युलेटर. तो पाच ठरावीक घरांचा असतो आणि नॉब फिरवताना खट खट जाणवते. यात लहर कापली जात नाही. पंख्याच्या ओळीत वेगवेगळ्या क्षमतेचे कंडेन्सर येतात आणि दाब त्यांच्यावर वाटला जातो. कंडेन्सर तो दाब जाळत नाही, म्हणून ऊब नगण्य, आणि पंख्याला जवळपास अखंड लहर मिळते म्हणून आवाजही नाही. याची मर्यादा अशी की घरे ठरावीक पंख्यासाठी आखलेली असतात. मोठा किंवा अगदी छोटा पंखा लावला तर वेगांचे अंतर बिघडते. नॉब दोन घरांच्या मध्ये अडकवून ठेवू नये, तिथे संपर्काशी ठिणगी पडते.

एक वेगळा आवाज मात्र दुर्लक्षित करू नये. नेहमीची गुणगुण १०० हर्ट्झची असते. ट्रायॅक बिघडून लहरीची एकच बाजू सोडू लागला तर पंख्यात एकदिश प्रवाह शिरतो आणि स्वर खाली उतरून जाड घुरघुर होते, ५० हर्ट्झची. वेग पडतो आणि मोटारीचे कवच हाताला चटका लागेल इतके तापते. हा रेग्युलेटर त्याच दिवशी काढावा, नाहीतर वायंडिंग जाते.

आणि हल्लीचा नवा प्रकार. रिमोटवर चालणारा बीएलडीसी पंखा जुन्याच रेग्युलेटरवर जोडला जातो. वॅट ३० च्या आसपास, तरी रेग्युलेटर गुणगुणतो आणि साध्या पंख्यावर तापतो त्याहून जास्त तापतो, कधी पंखा मध्येच बंद पडतो. कारण हा भार गुंडाळीचा नसतो. आत आधी रेक्टिफायर आणि मोठा कंडेन्सर असतो, जो लहरीच्या शिखरावर थोडा वेळ जोरात प्रवाह ओढतो. कापलेल्या लहरीवर तो प्रत्येक वेळी एकदम भरतो आणि ट्रायॅकवर तीव्र झटका येतो. असा पंखा कोणत्याही नंबरवरच्या रेग्युलेटरमागे ठेवू नये. एमसीबी पाडून रेग्युलेटरच्या दोन तारा एकत्र जोडून पक्क्या बंद कराव्यात, त्या जागी कोरी प्लेट लावावी, आणि वेग फक्त रिमोटने बदलावा.