रात्री साडेनऊचा वाद

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. ऑनलाइन शाळेच्या निमित्तानं मुलांच्या हातात आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, म्हणून २०२२ मध्ये गावानं ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचं.

या बातमीत बहुतेकांना भोंग्याचं कौतुक वाटलं. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. मोबाइल ठेवायची वेळ रोज आईच्या तोंडून येत नव्हती आणि मोठ्यांचा टीव्हीही त्याच वेळी बंद होत होता. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. काल दहापर्यंत चाललं, आज बाबा वैतागलेत म्हणून साडेआठलाच फोन काढून घेतला. नियम रोज नव्यानं ठरत असेल, तर मूलही रोज नव्यानं घासाघीस करणार.

‘दिवसाला किती तास?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१६ पासून किशोरवयीन मुलांसाठी तासांचा एकच आकडा द्यायचं सोडलं आहे. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, क्लासची पीडीएफ आणि रील्स एकाच फोनवर असताना मिनिटं मोजायची कशी? मोजायला गेलात की ‘हे अभ्यासाचं होतं’ यावरून दुसरं भांडण. त्यापेक्षा वेळ आणि जागा ठरवलेली बरी. सुरुवात झोपेपासून करावी. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि शरीराचं घड्याळच पुढे सरकल्यामुळे मुलांना रात्री झोप उशिरा येते. त्यात उशाला फोन असला की संपलंच.

समजा, घरात नववीतला मुलगा आहे, सकाळची शाळा आहे आणि सहाला उठायचंय. म्हणजे दहाच्या आत अंथरुणात. म्हणून साडेनऊला सगळ्यांचे फोन हॉलमधल्या चार्जिंगला लागतील, असं ठरवायचं. हे ठरवायला रविवारी सकाळी निवांत बसावं, ऐन भांडणात नव्हे. मुलगा लगेच म्हणेल, ‘मग गजर कशावर लावू?’ त्याला साधं गजराचं घड्याळ आणून द्या. बाबांना ऑफिसचे फोन येत असतील, तर तो अपवाद तेव्हाच सगळ्यांसमोर सांगून टाकावा, आणि बोलणं झालं की फोन परत हॉलमध्ये. आजीच्या मालिकेचंही तेव्हाच बघून घ्यावं, कारण मुलगा तिच्याकडे बोट दाखवणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

खरा खटका उडतो तो गेमवरून. मित्रांबरोबर टीम करून खेळायच्या गेममध्ये एक मॅच वीस-तीस मिनिटं चालते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. सोडली तर रँक घसरते, शिवाय मित्र शिव्या घालतात. बरोबर साडेनऊला ‘ठेव आत्ताच्या आत्ता’ म्हटलं, की आवाज चढतो. म्हणून नियमच असा करावा: नऊनंतर नवी मॅच सुरू करायची नाही. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद केला, तर व्हिडिओ संपताना थांबायला जागा मिळते.

नियम मोडला तर काय, हेही आधीच ठरलेलं असावं आणि ते छोटं असावं. आज पंधरा मिनिटं उशीर झाला, तर उद्या पंधरा मिनिटं लवकर. महिनाभर फोन कपाटात बंद करण्याची शिक्षा आपल्यालाच झेपत नाही. चौथ्या दिवशी क्लासच्या मेसेजसाठी तो बाहेर काढावाच लागतो.

पहिले काही दिवस वाद वाढतील. ताणून धरल्यावर पूर्वी फोन मिळायचा, म्हणून मूल या वेळी आणखी ताणून बघतं. अशा वेळी एकदा जरी ‘घे बाबा, डोकं खाऊ नकोस’ म्हणून फोन दिला, तर किती ताणलं की मिळतो, हे त्याला कळतं. वाद घालू नका. वेळ एकदाच सांगा आणि आपला फोन आधी चार्जिंगला लावा. फोनमधल्या कुलपाचा, म्हणजे फॅमिली लिंकसारख्या अॅपचा, आधार जरूर घ्या, पण मुलाला सांगून. चोरून लावलेलं कळलं, की मूल मित्राच्या फोनवर खेळायला लागतं. परीक्षा किंवा सुट्टी आली, की पुन्हा बसून वेळा बदला. त्याचं एखादं म्हणणं पटलं, तर तेही मान्य करा.

एवढं करूनही मूल रात्ररात्र जागत असेल, मैदान आणि मित्र सुटले असतील, फोन घेतल्यावर हात उगारत असेल, तर घरचे नियम पुरेसे नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी ‘शट’ नावाचं खास क्लिनिक चालतं. तिथवर जाणं शक्य नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. त्यावर मोफत बोलता येतं.