खिडकी आणि बीममधले 50 मिलिमीटर

शटरिंग उघडल्यावर बीमचा तळ खिडकीच्या जागेत खाली उतरलेला दिसतो. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये खिडकी बरोबर असते आणि आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये बीमही बरोबर असतो. चुकलेला असतो तो दोघांमधला एक आकडा, आणि तोवर काँक्रीट सुकलेलं असतं. मग खिडकी आखूड करतात, नाही तर बीम फोडायची भाषा सुरू होते. बीम फोडणं कधीच मान्य होऊ नये.

अशी चूक कागदावरच पकडता यावी म्हणून अनेक ऑफिसं आता रेव्हिट वापरतात. या सॉफ्टवेअरमध्ये रेषांऐवजी खऱ्या मापाच्या भिंती, कॉलम आणि स्लॅब उभे करतात. पण दोन टीमनी रेव्हिट घेतलं म्हणजे टक्कर टळली, असं होत नाही. त्यासाठी दोन मॉडेलं कशी जोडली आहेत, हे पाहावं लागतं.

आधी एका ऑफिसच्या आतली सोय पाहू. आर्किटेक्टकडे चार जण एकाच इमारतीवर काम करत असतील, तर त्या प्रकल्पाची एक मध्यवर्ती फाइल सर्व्हरवर असते आणि प्रत्येक जण तिची स्वतःची प्रत उघडून काम करतो. एकाने भिंत हलवायला घेतली की ती त्याच्या नावावर उसनी जाते आणि बाकीच्यांना तिला हात लावता येत नाही. `Synchronize with Central` केलं की त्याचा बदल मध्यवर्ती फाइलमध्ये जातो आणि उसनी भिंतही परत देता येते. यालाच वर्कशेअरिंग म्हणतात.

कन्सल्टंटच्या ऑफिसात अशीच दुसरी मध्यवर्ती फाइल असते. दोन्ही टीमना एकाच फाइलमध्ये बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलमची जबाबदारी कन्सल्टंटच्या सहीची असते, त्यामुळे आर्किटेक्टच्या हातून तो चुकूनही हलता कामा नये. म्हणून दुसऱ्याचं मॉडेल आपल्या मॉडेलमध्ये लिंक करतात. ते दिसतं, त्यावरून मापं घेता येतात, पण त्यातलं काहीही बदलता येत नाही.

लिंक करताना जागा ठरवण्याचे काही पर्याय येतात. दोन्ही मॉडेलांचा मूळ बिंदू एकच ठेवायचं आधीच ठरलं असेल, तर `Auto - Internal Origin to Internal Origin` घ्यावा आणि लिंक लगेच पिन करावी, म्हणजे माउसच्या धक्क्याने ती सरकणार नाही. लिंक मध्यवर्ती फाइलचीच असावी, कुणाच्या वैयक्तिक प्रतीची नाही. दोन ऑफिसं वेगळी असतील तर ठरलेल्या दिवशी फाइल पाठवावी आणि तिचं नाव दर वेळी तेच ठेवावं. नावापुढे तारीख किंवा ‘फायनल’ जोडलं की लिंकला ती सापडत नाही, आणि जुन्या मॉडेलवर काम चालू राहण्याचा धोका असतो.

इथवर बहुतेक जण नीट येतात. गफलत होते ती पुढे, लेव्हलमध्ये.

एक साधी सात मजली निवासी इमारत घेऊ. आर्किटेक्ट मजल्याची लेव्हल तयार फरशीच्या पृष्ठावर धरतो आणि दोन मजल्यांतलं अंतर 3000 मिलिमीटर ठेवतो. खिडकीची वरची कड फरशीपासून 2400 वर आहे. कन्सल्टंटने बाहेरचा बीम 230 बाय 600 चा दिला आहे. त्याच्या टीमने आर्किटेक्टच्या लेव्हल जशाच्या तशा उचलल्या आणि स्लॅबचा माथा त्यांवरच ठेवला. 3000 मधून 600 गेले, बीमचा तळ 2400 वर आला. खिडकीला तो नुसता टेकतो, त्यामुळे पडद्यावर सगळं निर्दोष दिसतं.

पण कन्सल्टंटला काँक्रीटचा माथा हवा असतो, फरशीचा नाही. फरशी आणि तिच्याखालचा मॉर्टर मिळून 50 मिलिमीटर धरले, तर स्लॅबचा खरा माथा 2950 वर येतो आणि बीमचा तळ 2350 वर. म्हणजे बीम खिडकीत 50 मिलिमीटर घुसलेला आहे, आणि ही टक्कर मॉडेलमध्ये दिसतच नाही, कारण मॉडेलच 50 मिलिमीटरने खोटं आहे.

यावरचं उत्तर `Copy/Monitor` या साधनात आहे. कन्सल्टंटच्या टीमने ते उघडून आर्किटेक्टची लिंक निवडायची आणि लेव्हल कॉपी करण्यापूर्वी पर्यायांमध्ये `Level Offset` ला उणे 50 द्यायचं. प्रत्येक लेव्हल मूळ लेव्हलच्या 50 मिलिमीटर खाली बनते आणि मूळ लेव्हलशी बांधलेली राहते. गच्चीची लेव्हल मात्र वेगळ्या आकड्याने कॉपी करावी, कारण तिथे वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा फरशीपेक्षा बराच जाड असतो. संडास-बाथरूमचा सन्क स्लॅबही या एका आकड्यात बसत नाही, तो हातानेच खाली घ्यावा लागतो. ग्रिडही अशाच कॉपी कराव्यात.

पुढे आर्किटेक्टने एखादी लेव्हल किंवा ग्रिड हलवली, तर लिंक नव्याने लोड होताच कन्सल्टंटच्या पडद्यावर `Instance of link needs Coordination Review` असा इशारा येतो. बदल स्वीकारून आपली लेव्हल हलवता येते, नाकारता येतो किंवा पुढे ढकलता येतो. `Accept Difference` हा पर्याय जपून वापरावा. त्याने फरक तसाच राहतो आणि इशारा तेवढा बंद होतो. आर्किटेक्टच्या टीमसाठीही एक पथ्य आहे: ग्रिड हलवावी, पण पुसून नवी काढू नये. नवी रेष त्याच जागी असली तरी सॉफ्टवेअरच्या लेखी ती वेगळी वस्तू असते आणि जुनं नातं तुटतं.

या साधनाची मर्यादा अशी की ते लेव्हल, ग्रिड, कॉलम, भिंती आणि स्लॅब यांच्यावर लक्ष ठेवतं, पण बीमवर नाही. म्हणून आपली खिडकी `Interference Check` नेच पकडावी लागते. एका बाजूला आपल्या मॉडेलमधलं `Structural Framing` निवडायचं, दुसऱ्या बाजूला लिंकमधल्या `Windows`. भिंती निवडण्याचा मोह टाळावा. आर्किटेक्टने भिंत स्लॅबपर्यंत नेलेली असते, ती जवळजवळ प्रत्येक बीमला छेदते, आणि शेकडो निरुपद्रवी नोंदींत खऱ्या टकरी बुडून जातात. ही तपासणी फक्त प्रत्यक्ष घुसलेलं दाखवते. दोन वस्तूंमध्ये अंतर अपुरं आहे, हे ती सांगत नाही.

योग्य लेव्हलवर ही तपासणी चालवली की आपल्या इमारतीत प्रत्येक मजल्याच्या खिडक्या यादीत येतात. मजल्याची उंची 100 ने वाढवली तर प्रश्न सुटतो, पण सात मजल्यांवर इमारत 700 मिलिमीटरने उंच होते आणि जिन्याच्या पायऱ्यांचं गणित बदलतं. बीम 550 चा करून चालत असेल, तर तळ बरोबर 2400 वर येतो आणि तोच खिडकीचा लिंटेल होतो. चालेल की नाही, हे कन्सल्टंटने हिशेब पुन्हा करूनच सांगायचं. चालत नसेल, तर आर्किटेक्टने खिडकी 50 ने खाली घ्यावी. निर्णय झाल्यावर ज्याचं मॉडेल त्याने बदलायचं, सिंक करायचं, आणि दुसऱ्याने लिंक नव्याने लोड करून तपासणी पुन्हा चालवायची.

प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत दोन्ही टीमनी एक कागद भरावा: प्रत्येक मजल्याला तयार फरशीची लेव्हल किती, स्लॅबच्या माथ्याची किती, आणि गच्चीवर थर किती. तो भरल्याशिवाय पहिला बीम काढू नका.