साहेबांना लिहायचे पत्र

चिपळूणहून परशुरामचा घाट चढून खेडच्या वाटेला लागले की लोटे येते. रासायनिक कारखान्यांची ही वसाहत. आमच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली पुष्कळ मुले-मुली येथल्या प्रयोगशाळांत नोकरी करतात. त्यांतलीच एक, पहिल्या वर्षी माझ्याकडे मराठी शिकलेली, मध्यंतरी एक कागद घेऊन घरी आली. "सर, साहेबांना ई-मेल करायचाय. जरा भाषा बघून देता?"

पहिले वाक्य असे होते : 'माझे सहकारी नेहमीच अवघड नमुने माझ्यावर ढकलतात आणि स्वतः मात्र गप्पा मारत बसतात.'

वाक्य शुद्ध होते. पण त्यात बातमी थोडी आणि राग फार! आपल्या मराठीत हा राग मोठमोठ्या शब्दांतून येतो असे नाही. तो इवल्याशा अव्ययांतून येतो. 'नेहमीच'मधला 'च', 'मात्र', 'तरीही' ही अव्यये लिहिणाऱ्याच्या नकळत फिर्याद गुदरतात. 'ढकलणे', 'टाळणे' ही क्रियापदे तर समोरच्याच्या मनातला हेतूच सांगून मोकळी होतात. हेतू कुणाला दिसला आहे? दिसते ती नोंदवही.

मी तिला विचारले, "तुमच्या वहीत काय काय लिहितात?" नमुना आल्याची वेळ, बॅच नंबर, कोणती तपासणी, अहवाल दिल्याची वेळ आणि तपासणाऱ्याची सही. म्हणजे पुरावा आयताच होता! तिने पहिल्या पाळीचे बारा दिवस मोजून आणले : तिचे नमुने ९८, सहकाऱ्याचे ५२.

आकडा बोलका होता, पण तेवढ्यावर लिहिणे घाईचे झाले असते. या बारा दिवसांत त्याला दुसरे काही काम नेमून दिले होते का? तिने चौकशी केली. दोन दिवस तो तराजू आणि पीएच मीटर यांच्या कॅलिब्रेशनवर होता. ते दोन्ही दिवस वगळले. उरलेल्या दहा दिवसांत ८० आणि ४८. फरक कमी झाला, याचे तिला वाईट वाटले; मला मात्र बरे वाटले. कारण साहेबांनी "कॅलिब्रेशनचे काय?" असे विचारताच जो आकडा कोसळला असता, तो आता कोसळणार नव्हता.

दुसरी गोष्ट, नमुना आणि नमुना सारखा नसतो. ओलावा पाहायला काही मिनिटे पुरतात. गॅस क्रोमॅटोग्राफवरचा एक नमुना तयारीसकट तास खातो. म्हणून हे नमुने वेगळे मोजले : तिचे २६, त्याचे ९.

मग तिला वाटले, नाव न घेता 'नमुन्यांचे वाटप असमान होत आहे' असे आडवळणाने लिहावे. सभ्यता दिसते खरी. पण वाटप कोण करते, काम कुणाकडे साचते, हे साहेबांना कळायचे कसे? नाव घ्यावे, विशेषण लावू नये. शेवटी मजकूर ठरला तो असा :

'सर, १ ते १३ तारखेच्या नोंदवहीवरून पहिल्या पाळीतील कामाची विभागणी पाहिली. कॅलिब्रेशनचे दोन दिवस वगळता दहा दिवसांत माझे ८० व श्री. अमुक यांचे ४८ नमुने नोंदलेले आहेत. त्यांपैकी जी.सी.चे माझे २६, त्यांचे ९. या काळात चार दिवस मला पाळीनंतर तासभर थांबावे लागले. ९ तारखेला कच्च्या मालाच्या टँकरचा अहवाल दोन तास उशिरा गेला. वहीत न येणारे काही काम त्यांच्याकडे असल्यास मला माहीत नाही. जी.सी.चे नमुने रोज सकाळी वाटून मिळावेत, अशी विनंती आहे.'

टँकरचे वाक्य तिला नको होते. चहाडी वाटत होती. मी ते ठेवायला लावले. अहवाल येईपर्यंत टँकर रिकामा करता येत नाही. तेव्हा तिची दमणूक हा कारखान्याचाही प्रश्न कसा, हे त्या एकाच वाक्यातून दिसत होते. पत्र फक्त साहेबांना गेले. इतर कुणाला प्रत नाही.

साहेबांनी दोघांना बोलावले. 'वहीत न येणारे काम' खरोखरच निघाले. उत्पादन विभागाचे लोक तोंडी निरोप धाडून त्या सहकाऱ्याला प्लँटवर नेत, आणि ते कुठेच नोंदले जात नसे. सगळाच फरक त्यातून भरून निघत नव्हता, हे त्यानेही कबूल केले. ढकलाढकलीचा आरोपच नसल्यामुळे त्याला ते कबूल करणे जड गेले नसावे. आता प्लँटच्या फेऱ्याही वहीत चढतात आणि जी.सी.च्या नमुन्यांपुढे सकाळीच आद्याक्षरे पडतात. परवा ती भेटली तेव्हा म्हणाली, "अजून माझेच थोडे जास्त असतात, सर. पण साडेतीनची बस मिळते."