शिफारसपत्र पटते कशामुळे?

मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी असलेली, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी. हे वर्णन कुठल्याही कार्यालयातल्या कुठल्याही कनिष्ठ सहकाऱ्याला चिकटवता येते, आणि म्हणूनच शिफारसपत्रात ते वाया जाते. विशेषण हा पत्र लिहिणाऱ्याने काढलेला निष्कर्ष असतो. तो कशावरून काढला हे कळल्याशिवाय अनोळखी वाचकाने त्यावर विश्वास का ठेवावा? त्यामुळे पत्राचा गाभा म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग, तोही पुरेशा तपशिलासह.

समजा, चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात दोन वर्षे काम केलेली एक तरुणी एका कंपनीच्या करविभागात अर्ज करते आहे. ‘जीएसटीचे काम उत्तम करते’ या वाक्यातून तिथल्या व्यवस्थापकाला काहीच कळत नाही. त्याला माहीत असते की खरे काम बिले जुळवण्याचे आहे. पुरवठादारांनी दाखवलेली बिले पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात साधारण १४ तारखेला दिसतात. खरेदीचे रजिस्टर त्याच्याशी ताडून, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरावे लागते. जे बिल २बीमध्ये नाही, त्याच्या कराची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही. हातात दिवस थोडे असतात.

अशा वाचकासाठी पत्रातला परिच्छेद असा असू शकतो: ‘एका अशिलाच्या महिन्याच्या सुमारे चारशे बिलांपैकी साठ-सत्तर बिले जुळत नसत. ती यादी तपासताना तिच्या लक्षात आले की त्यांतली बरीच बिले दोन्हीकडे आहेत, फक्त क्रमांक वेगळ्या तऱ्हेने टाइप झाले आहेत. एकीकडे ००४५, तर दुसरीकडे नुसते ४५. तिने एक्सेलमध्ये सुरुवातीची शून्ये आणि मधल्या रेघा काढून टाकणारा कॉलम केला आणि चुकीची जोडी लागू नये म्हणून पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि रक्कमही ताडली. पुढच्या महिन्यापासून न जुळणारी बिले वीसच्या आत आली. ती पुरवठादारांनी खरोखरच दाखवलेली नव्हती, आणि त्यांना फोन करायला वेळ मिळू लागला.’

या परिच्छेदात एकही स्तुतिपर शब्द नाही, तरी बारकाईने पाहण्याची सवय त्यातून दिसते. आधी काय अडत होते, तिने स्वतः काय केले आणि त्याने काय बदलले, हे तिन्ही त्यात आहे. मधला भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच ‘आमच्या टीमने’ या शब्दांत हरवतो. कल्पना वरिष्ठाची असेल आणि तिने ती अमलात आणली असेल, तर तसेच लिहावे. अंमलबजावणीलाही किंमत असते.

तुलनेनेही पत्राला वजन येते, पण तुलना कोणाशी हे सांगायला हवे. ‘सर्वोत्तम कर्मचाऱ्यांपैकी एक’ म्हणजे किती जणांपैकी? ‘गेल्या पाच वर्षांत हाताखाली आलेल्या आठ उमेदवारांत पहिल्या दोघांत’ हे विधान तपासता येते. तसेच एखादी मर्यादाही लिहावी. ‘अपिलांचे काम तिने अजून केलेले नाही’ असे स्पष्ट म्हटले की बाकीचा मजकूरही मोजूनमापून लिहिला आहे, याची खात्री पटते.

मात्र मर्यादा सांगणे आणि नकळत शंका पेरणे यांत फरक आहे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी आलेल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठीची पत्रे सरासरीने लहान होती आणि शंका निर्माण करणारी वाक्ये त्यांत अधिक आढळली. आपल्याकडेही मुलीच्या पत्रात ‘मनमिळाऊ, कष्टाळू’ आणि मुलाच्या पत्रात ‘हुशार, धडाडीचा’ असे सहज लिहिले जाते. पत्र पुरे झाल्यावर उमेदवाराच्या जागी मुलाचे नाव घालून एकदा वाचले, तर हा झोल लगेच दिसतो.

तपशील आठवत नसतील तर उमेदवाराकडून मागवावेत: जागेची जाहिरात, बायोडेटा आणि केलेल्या दोन-तीन कामांची टिपणे. जाहिरातीत ज्या कामावर भर आहे, त्याच्याशी जुळणारा प्रसंग निवडावा. पत्राचा मसुदाच उमेदवाराकडून लिहून घेण्याची पद्धत मात्र टाळावी, कारण स्वतःबद्दल लिहिताना माणूस पुन्हा विशेषणांकडेच वळतो. अशिलाचे नाव आणि त्याच्या उलाढालीचे आकडे पत्रात येता कामा नयेत. आणि प्रामाणिकपणे एकही प्रसंग सुचत नसेल, तर पत्र द्यायला लवकर नकार द्यावा, म्हणजे उमेदवाराला दुसऱ्या कोणाकडे जाता येते.

पत्राच्या शेवटी फोन क्रमांक द्यावा आणि एक प्रत जवळ ठेवावी. काही आठवड्यांनी फोन आला, तर ‘तो कॉलम तिने स्वतःच केला होता का?’ असेच विचारले जाण्याची शक्यता अधिक असते.