बीमखालचे सव्वाशे मिलिमीटर

इमारतीचं काम सुरू होण्याआधी तीन जण तीन वेगळी मॉडेलं तयार करतात. आर्किटेक्ट भिंती, दारं आणि फॉल्स सीलिंग दाखवतो, स्ट्रक्चरल डिझायनर कॉलम, बीम, स्लॅब बसवतो आणि एसीवाला आपले डक्ट टाकतो. ही मॉडेलं संगणकावर एकमेकांवर ठेवली की कुठे डक्ट थेट बीममधून आरपार गेलेला दिसतो. अशा टकरींची नोंद म्हणजे क्लॅश रिपोर्ट. नागपूर मेट्रोने वेळ आणि खर्च जोडलेलं पाच-मितीय मॉडेल वापरलं, त्यामुळे आपल्याकडे ही पद्धत बरीच चर्चेत आली. पण तिची खरी गरज लहान इमारतीलाही तितकीच असते. उलट तिथे तिच्यासाठी वेगळा माणूस नसतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, कडेगावात रुग्णालयाची नवी तीन मजली इमारत उभी राहते आहे. पहिल्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर, आणि त्याला हवा पुरवणारा मुख्य डक्ट कॉरिडॉरच्या छतातून जातो. एका मजल्याच्या स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतची उंची ३६०० मिलिमीटर. बीमची खोली स्लॅबसकट ६०० आणि फरशीचा थर ७५. म्हणजे तयार फरशीपासून बीमच्या तळापर्यंत उरले २९२५. फॉल्स सीलिंग २७०० वर हवं, त्याच्या सांगाड्याला आणि दिव्यांना आणखी १००. आता बीमखाली जागा राहिली फक्त १२५ मिलिमीटर. डक्ट आतून ८०० रुंद आणि ४०० उंच, वर चारी बाजूंनी २५ मिलिमीटर इन्सुलेशन, म्हणजे बाहेरून उंची ४५०. दोन बीमांच्या मधल्या गाळ्यात तो आरामात मावतो, म्हणूनच अडचण तो काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो अडतो बीमपाशी, आणि प्रत्येक बीमपाशी.

सॉफ्टवेअर ही टक्कर शोधतं, पण शोधतं म्हणजे काय करतं हे समजून घेतलं पाहिजे. एकाच डक्टने सात बीम ओलांडले, आणि त्याचे तुकडे, फ्लँज, हँगर, इन्सुलेशन असे वेगवेगळे घटक असतील, तर यादीत तीस-चाळीस नोंदी सहज होतात. प्रश्न मात्र एकच असतो. कच्ची यादी जशीच्या तशी सगळ्यांना पाठवली की बैठकीत कोणी ती वाचत नाही. म्हणून समन्वयकाचं पहिलं काम नोंदी एकत्र बांधण्याचं: हा डक्ट, हा कॉरिडॉर, हे बीम, मिळून एक क्रमांक. उलट चूकही होते. डक्टवाल्याने इन्सुलेशन मॉडेलमध्ये काढलंच नसेल, तर पत्रा बीमला चाटून जाईल, यादी कोरी येईल, आणि प्रत्यक्षात ते २५ मिलिमीटर कुठे बसवायचे हा प्रश्न साइटवर उभा राहील. म्हणून थेट धडकेच्या तपासणीबरोबर अंतराची तपासणीही लावावी: दोन वस्तूंमध्ये ५० मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर कळव, असं.

आता तोडगे. छत खाली घ्यायचं तर ते ३२५ मिलिमीटर उतरेल आणि कॉरिडॉरचं छत २३७५ वर येईल. स्ट्रेचर जाण्याच्या वाटेवर आर्किटेक्ट याला हो म्हणणार नाही. डक्ट चपटा करून १२५ मध्ये घालायचा तर इन्सुलेशन वजा जाता ७५ राहतात. तेवढ्यात ती हवा जाणं अशक्य. बीमला भोक पाडायचं म्हटलं तर ६०० खोलीच्या बीममध्ये ४५० ची पोकळी, तीही कॉलमजवळ, जिथे भूकंपात सर्वाधिक ताण येतो आणि म्हणून रिंगा दाट ठेवलेल्या असतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या पट्ट्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही. हा पर्याय डिझायनरला विचारण्याचाही नाही.

मग उरतो तो तोडगा दोघांनी थोडं-थोडं हलण्याचा. कॉरिडॉरवर बीमचा निव्वळ गाळा २४०० मिलिमीटरच आहे. तिथे ६०० खोली केवळ शेजारच्या खोल्यांवरच्या सहा मीटर गाळ्याशी सरळ रेषेत राहावी म्हणून ठेवलेली असते. भूकंपरोधक तपशिलांचा आयएस १३९२० तर सांगतो की बीमची खोली निव्वळ गाळ्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. ६०० म्हणजे नेमकी त्या मर्यादेवर. तिथला बीम ४०० केला की खालची जागा ३२५ होते. डक्ट एकाऐवजी दोन, प्रत्येकी ८०० बाय २००. इन्सुलेशन धरून २५०, हँगरच्या अँगलला २५, एकूण २७५. पन्नास मिलिमीटर हाताशी राहतात. दोन्हींची रुंदी इन्सुलेशनसह १७००, कॉरिडॉर २४०० चा; केबल ट्रे आणि पाइपलाही जागा उरते.

पण हे फुकट मिळत नाही. एकूण क्षेत्रफळ तेवढंच असलं तरी चपट्या डक्टमध्ये हवा पत्र्याला जास्त घासते. इथे दर मीटरचा दाबनाश साधारण पावणेदोन पट होतो. ते पंख्याच्या दाबात धरलं नाही तर थिएटरला हवा कमी पडेल. तिकडे बीमची खोली कॉलमपाशी बदलल्याने ६०० च्या बीमच्या तळाच्या सळ्या पुढे सरळ जाऊ शकत नाहीत; त्या कॉलममध्येच नीट अडकवाव्या लागतात, आणि फ्रेमचं गणित नव्याने तपासावं लागतं. म्हणून रिपोर्टमधली नोंद अशी व्हायला हवी:

क्रमांक १४. पहिला मजला, कॉरिडॉर, ग्रिड ब ते क, ३ ते ९. पुरवठ्याचा डक्ट आणि सात बीम.
तोडगा: कॉरिडॉरमधले बीम ६०० ऐवजी ४००, डक्ट ८००×४०० ऐवजी दोन ८००×२००.
स्ट्रक्चरल डिझायनर: फ्रेमची फेरतपासणी, सळ्यांचं सुधारित रेखाचित्र.
एसी सल्लागार: दाबनाश आणि पंख्याची निवड पुन्हा.
आर्किटेक्ट: छत २७०० वर कायम, मंजुरी.
मुदत: या स्लॅबचं सेंट्रिंग सुरू होण्याआधी.

या नोंदीत तीन नावं आहेत आणि कामंही तीन वेगळी आहेत. ‘सर्वांनी समन्वय साधावा’ असं लिहिलेली ओळ मी अनेक रिपोर्टांत पाहिली आहे. ते काम कोणीच करत नाही, कारण ते कोणालाच सांगितलेलं नसतं. डक्ट हलवायचा म्हणून सगळा भार एसीवाल्यावर टाकण्याची सवयही चुकीची वाटते मला. जागा संपली ती उंचीच्या हिशोबात, आणि त्या हिशोबात तिघांचा वाटा आहे.

मुदत सेंट्रिंगला बांधलेली आहे, कॅलेंडरच्या तारखेला नव्हे. एकदा स्लॅब ओतला की बीम ४०० करण्याचा पर्याय जातो, आणि मग राहतं ते डक्टचा मार्ग बदलणं, म्हणजे जास्त वळणं, जास्त पत्रा, कधीकधी दुसरी खोली लहान करणं. त्यानंतर कोअर कटरवाल्याला बोलावण्याचा मोह होतो. तो बीमच्या सळ्याच कापतो.

शेवटचा टप्पा नोंद बंद करण्याचा. `Navisworks` मध्ये नोंदींना `New`, `Active`, `Reviewed`, `Approved`, `Resolved` अशा अवस्था असतात. `Approved` म्हणजे टक्कर तशीच आहे, पण कोणीतरी ती मान्य केली आहे. उदाहरणार्थ डक्टचा हँगर स्लॅबच्या तळाला टेकलेला, जो टेकायलाच हवा. `Resolved` ही अवस्था माणसाने हाताने लावण्यापेक्षा सुधारित मॉडेलं आल्यावर तपासणी पुन्हा चालवून सॉफ्टवेअरला लावू द्यावी. टक्कर खरोखर उरली नसेल तरच ती लागते. हाताने लावलेली असेल आणि टक्कर कायम असेल, तर पुढच्या तपासणीत तीच नोंद पुन्हा `New` म्हणून येते. तपासणी चालवताना तिन्ही फायलींची तारीख पाहावी. डक्टचं नवं आणि बीमचं जुनं मॉडेल जोडलं गेलं, तर क्रमांक १४ तसाच उभा दिसेल. बीमचं नवं आणि डक्टचं जुनं असेल, तर ४५० चा डक्ट ३२५ च्या जागेत अडकलेला दिसेल, आणि एसीवाल्याला त्याने आधीच केलेलं काम पुन्हा सांगितलं जाईल.