लघवीच्या रिपोर्टवर ‘अटिपिकल’ लिहून आले तर



खानापूर तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका शेतकरी गृहस्थांची ही हकिकत. वय 58, बिडीची सवय तीस वर्षांची. उसाला पाणी देऊन आले आणि लघवीला बसले, तो लघवी लालभडक. दुखणे नाही, जळजळ नाही. दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा स्वच्छ झाली. “उष्णतेने झाले असेल,” असे म्हणून त्यांनी कोकमाचे सरबत घेतले आणि गोष्ट विसरून गेले. दोन महिन्यांनी पुन्हा तसेच झाले, तेव्हा घरच्यांनी हट्टाने बेळगावला नेले.

येथेच पहिली गोष्ट सांगून ठेवतो. न दुखता लघवीतून रक्त जाणे आणि आपोआप थांबणे, हे बरे झाल्याचे लक्षण समजू नये. मूत्राशयातील गाठ अशीच अधूनमधून रक्त सोडते. बिडी-सिगारेटच्या धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात व तेथून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. म्हणून बिडी ओढणाऱ्याने तर एकदा रक्त दिसले तरी तपासून घ्यावे.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. तीत काही दिसले नाही. मग लघवीची सायटॉलॉजी करण्यास सांगितले. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातून काही पेशी सतत गळून लघवीबरोबर बाहेर पडतात. त्या काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे म्हणजे सायटॉलॉजी.

आमच्या गृहस्थांची चूक येथे झाली. इतर तपासण्यांना सकाळची पहिली लघवी मागतात, म्हणून त्यांनी तीच घेतली, औषधाच्या जुन्या बाटलीत भरली आणि एस.टी.ने तीन तासांनी लॅबमध्ये पोचवली. रिपोर्ट आला, ‘पेशी खराब झालेल्या, अटिपिकल, पुन्हा नमुना द्यावा’. रात्रभर लघवीत पडून राहिलेल्या पेशी फुगतात, फाटतात. त्यांच्यावरून नीट मत देता येत नाही.

बरोबर रीत अशी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी. न्याहारी करावी, दोन-तीन पेले पाणी प्यावे, तासभर चालावे-फिरावे. त्यानंतरची लघवी लॅबने दिलेल्या स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत निदान अर्धी वाटीभर घ्यावी आणि लगेच लॅबमध्ये द्यावी. गाव लांब असेल तर लॅबच्या शेजारीच नमुना देणे उत्तम. पुष्कळदा तीन वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागतात, कारण पेशी रोज सारख्याच गळत नाहीत. दुर्बीण घालण्याच्या आधीच नमुना द्यावा, कारण दुर्बिणीने अस्तर खरवडले की पेशींचे पुंजके निघून गोंधळ होतो.

दुसऱ्यांदा नमुना नीट दिला. रिपोर्टवर पुन्हा ‘अटिपिकल’ आले. घरात रडारड सुरू झाली. धाकटा मुलगा म्हणाला, “कॅन्सर असता तर स्पष्ट लिहिले असते, सोडून द्या.” दोघांचेही चुकत होते.

अटिपिकल म्हणजे नेहमीसारख्या नसलेल्या पेशी. पेशीत मधोमध केंद्रक असते, अंड्यात बलक असतो तसे. निरोगी पेशीत ते लहान व गोल असते. केंद्रकाने पेशीची निम्म्याहून अधिक जागा व्यापली आणि त्याबरोबर ते गडद किंवा वेडेवाकडे दिसले, तर तपासणारा ‘अटिपिकल’ लिहितो. त्याहून जास्त बदल असतील तर ‘संशयास्पद’ आणि त्याच्याही पुढे ‘हाय ग्रेड कॅन्सर’. ही वर्गवारी 2016 साली पॅरिस पद्धती या नावाने प्रसिद्ध झाली, आणि पुष्कळ लॅब तिच्याप्रमाणे रिपोर्ट देतात.

पेशी अशा का दिसतात? मुतखडा अस्तराला घासत असेल, जंतुसंसर्ग असेल, नुकतीच नळी घातली असेल किंवा मूत्राशयात औषध सोडले असेल, तरीही पेशी चिडून तशा दिसतात. ते निस्तरले की नमुना पुन्हा चांगला येऊ शकतो. पण गाठीमुळेही तशा दिसतात. ही तपासणी आक्रमक, हाय ग्रेड कॅन्सर पकडण्यात चांगली आहे. सौम्य, लो ग्रेड गाठीच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच असल्याने तिच्या नजरेतून सुटतात. म्हणून ‘निगेटिव्ह’ म्हणजे गाठ नाहीच असे नव्हे, आणि ‘अटिपिकल’ म्हणजे कॅन्सरच असेही नव्हे. लघवीतून रक्त गेले असेल, तर या दोन्ही उत्तरांनंतर आत डोळ्यांनी पाहणे उरतेच. ते पाहणे म्हणजे सिस्टोस्कोपी.

तयारी फार नसते. आधी लघवीची साधी तपासणी होते. जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत तारीख पुढे ढकलतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, कशाची ॲलर्जी असेल, तर आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. केवळ जेलीने जागा बधिर करणार असतील तर हलके खाऊन जाता येते. पाठीत इंजेक्शन किंवा पूर्ण भूल असेल तर किती तास उपाशी राहायचे ते विचारून घ्यावे.

आमच्या गृहस्थांना आत नेले. थंडगार जेली मूत्रमार्गात सोडली, तेव्हा थोडे झोंबले. औषध लागू होण्यासाठी काही मिनिटे थांबले. मग पेन्सिलीहून बारीक, वाकणारी दुर्बीण सरकू लागली. पुरुषांत प्रोस्टेटजवळून जाताना क्षणभर कळ येते. त्या वेळी डॉक्टर म्हणाले, “काका, लांब श्वास घ्या, लघवी करतो असे मनात आणा.” अंग सैल सोडले की दुर्बीण सहज जाते, आवळून धरले तर दुखते. पुढे मूत्राशयात सलाइन भरतात, तेव्हा जोराची लघवी लागल्यासारखे वाटते. सारे पाच-दहा मिनिटांत आटोपते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने त्यांना हा त्रास कमी होतो.

नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, रंग गुलाबी दिसतो. भरपूर पाणी प्यावे. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

दुर्बिणीत काय दिसले? डाव्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढी, शेवाळासारखी झुलणारी गाठ. एवढी लहान गाठ सोनोग्राफीत सुटू शकते. पाठीत इंजेक्शन देऊन ती दुर्बिणीतूनच खरवडून काढली. तपासणीत लो ग्रेड निघाली, अस्तराच्या खाली गेलेली नव्हती. पोट उघडावे लागले नाही. पण अशी गाठ पुन्हा उगवण्याची खोड असते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, आणि पुढेही ठरलेल्या मुदतीने. बिडी त्यांनी त्याच दिवशी सोडली.

रिपोर्टवरचा तो शब्द वाचून ते घाबरून घरी बसले असते, किंवा मुलाचे ऐकून तो कागद कपाटात ठेवला असता, तर ती गाठ आत वाढत राहिली असती. म्हणून असा कागद हाती आला, तर तो घेऊन मूत्रविकारतज्ज्ञाकडे जावे आणि एवढेच विचारावे, “नमुना नीट होता का, आणि आत कधी पाहायचे?”